एसपीडीची खिडकी हिरवी, इन्व्हर्टर मात्र जळालेला

सोलापूर जिल्ह्यातल्या एका दुमजली घराच्या गच्चीवरचं हे काम. पाच किलोवॉटची ऑन-ग्रिड सोलर सिस्टीम, ५४५ वॉटची दहा पॅनल एकामागोमाग एका माळेत, म्हणजे एकाच स्ट्रिंगमध्ये जोडलेली. इन्व्हर्टर जिन्याच्या वरच्या खोलीत भिंतीवर, त्याच्या डावीकडे डीसीचा डबा, उजवीकडे एसीचा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला, शेजारच्या शेतातल्या लिंबाच्या झाडावर वीज पडली आणि त्या संध्याकाळपासून इन्व्हर्टर बंद. सर्व्हिस सेंटरने उघडून पाहिला तेव्हा डीसी इनपुटजवळचा बोर्ड काळा पडलेला होता. ठिणगी प्लस आणि मायनसच्या मध्ये उडाली नव्हती. ती बोर्डावरून इन्व्हर्टरच्या अॅल्युमिनियमच्या बॉडीवर उडाली होती. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

मालकांचं म्हणणं रास्त होतं. डीसी डब्यात एसपीडी, म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण, आहे. एसी डब्यात आहे. गच्चीवर लाइटनिंग अरेस्टर आहे. खाली अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे आहेत आणि बसवणाऱ्यांनी दिलेल्या कागदावर डीसीच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स ३.८ ओहम लिहिलेला आहे. एसपीडी शाबूत असल्याचं दाखवणारी त्याची खिडकी अजूनही हिरवीच आहे. मग इन्व्हर्टर का गेला?

नवा इन्व्हर्टर यायच्या आधी आम्ही सगळं एका टोकापासून तपासायला घेतलं. सुरुवात अर्थातच बंद करण्यापासून. पॅनलवर ऊन आहे तोवर स्ट्रिंग जिवंत असते, तिला बंद करायचं बटण कुठेच नसतं. आयसोलेटर, म्हणजे डीसी तोडायचा स्विच, बंद केला की फक्त त्याच्या पुढची बाजू मृत होते, गच्चीवरून येणारी वायर तशीच राहते. त्या दिवशी दुपारी स्ट्रिंगच्या टोकांवर ४६२ व्होल्ट डीसी होते. हा आकडा बरोबर आहे का, हेही लगेच कळतं. या पॅनलचा लेबलवरचा ओपन सर्किट व्होल्टेज ४९.६, दहांचा मिळून ४९६. पॅनल तापलं की तो दर अंशाला साधारण ०.२७ टक्क्याने उतरतो. लेबलचा आकडा २५ अंशांचा, आणि पॅनलची पाठ ५० अंश होती, म्हणजे पावणेसात टक्के कमी. ४६२ च येतात. एखादं पॅनल गेलेलं असतं तर इथेच पन्नासेक व्होल्टचा फरक दिसला असता, आणि जोड तुटलेला असता तर आकडाच आला नसता.

पण डीसी डबा उघडल्यावर पहिली चूक समोर आली. आयसोलेटर म्हणून तिथे दोन पोलचा साधा एमसीबी होता, घरातल्या बोर्डात असतो तोच. त्यावर २४०/४१५ आणि पुढे नागमोडी रेघ छापलेली होती. नागमोडी रेघ म्हणजे एसी. डीसीच्या स्विचवर सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी पुढच्या शून्याला आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ५०० व्होल्ट डीसीवर, स्ट्रिंग १३ अँपिअर देत असताना हा एमसीबी खाली ओढला, तर आत काही मिलिमीटरच्या फटीत आर्क पेटून राहतो आणि प्लास्टिक वितळेपर्यंत थांबत नाही. आतापर्यंत तो पेटला नव्हता, कारण कुणी भर उन्हात तो ओढलाच नव्हता. नेहमी आधी एसी बंद व्हायचं, इन्व्हर्टर थांबायचा, आणि मग डीसीत करंट उरायचाच नाही.

म्हणून आमचा क्रम ठरलेला असतो. आधी एसी डब्यातला एमसीबी बंद. इन्व्हर्टर ग्रिड गेली असं समजून थांबतो. मग डीसी वायरला क्लॅम्प मीटर लावून करंट शून्य झाला हे डोळ्यांनी पाहायचं. त्यानंतर डीसी आयसोलेटर. पॅनलच्या वायरी जोडणारे एमसी-फोर कनेक्टर सगळ्यात शेवटी, आणि करंट वाहत असताना तर कधीच नाही. ज्याला कनेक्टर म्हणतात तो स्विच नव्हे. इथे आयसोलेटरवर भरवसा नव्हता, म्हणून आम्ही संध्याकाळी ऊन उतरल्यावर एमसी-फोर काढले आणि डीसी डब्याचं काम दुसऱ्या दिवशी केलं.

त्या एमसीबीच्या जागी आम्ही फिरवायचा डीसी आयसोलेटर बसवला. चार पोलचा, ३२ अँपिअर, डीसी-पीव्ही२ वर्गाचा. हा वर्ग लेबलवर बघून घ्यावा, कारण नुसता ‘१००० व्होल्ट डीसी’ छापलेला स्विच लोड असताना उघडायच्या लायकीचा असेलच असं नाही. करंटचा हिशोब सोपा आहे: पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट १३.९ अँपिअर, त्याच्या सव्वापट साडेसतरा, म्हणजे २५ चा चालतो. आम्ही ३२ चा घेतो, कारण जिन्याच्या खोलीत मे महिन्यात डब्याच्या आत ५५ अंश सहज होतात आणि गरम डब्यात स्विचची क्षमता उतरते. बाजारात डीसी एमसीबीही मिळतात. त्यांतल्या काहींवर प्लस-मायनसच्या खुणा असतात, म्हणजे त्यांच्या आतलं चुंबक आर्कला एकाच दिशेला ढकलतं. उलटा जोडला तर आर्क विझवायच्या कप्प्याऐवजी उलट्या बाजूला जातो आणि डीसी एमसीबी असूनही तो जळतो. फिरवायच्या आयसोलेटरमध्ये ही भानगड नसते.

मालकांनी इथे विचारलं, “ढग दाटून आले की हा स्विच बंद केला तर इन्व्हर्टर वाचेल ना?” काही अंशी वाचेल. पण आयसोलेटरच्या उघड्या टोकांमधली फट काही मिलिमीटरची असते आणि जवळ वीज पडली तर वायरवर हजारो व्होल्ट उभे राहतात, ते फट ओलांडू शकतात. शिवाय वळीव दुपारी येतो आणि माणूस शेतात असतो. आयसोलेटर हा हात लावणाऱ्या माणसासाठी आहे, विजेसाठी नाही. आणि तो गच्चीवर उन्हापावसात लावण्यापेक्षा छताखाली लावलेला बरा. ऑस्ट्रेलियात पॅनलशेजारी गच्चीवर आयसोलेटर लावणं सक्तीचं होतं. पाणी शिरून त्याच डब्यांना इतक्या आगी लागल्या की २०२१ च्या मानकात ती सक्तीच काढली. आपल्याकडेही गच्चीवरचा डबा उघडला की बहुतेक वेळा वरच्या ग्लँडमधून आलेल्या पाण्याचा ओघळ दिसतो. वायर खालूनच घ्यावी, आणि आत शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं.

आता मूळ प्रश्न. एसपीडी ६०० व्होल्टचा, टाइप २, तीन कार्ट्रिजचा होता. निवड चुकीची नव्हती: स्ट्रिंगचे ४९६ व्होल्ट गुणिले १.२ म्हणजे ५९५. थंडीच्या सकाळी पॅनल १० अंशांवर असलं तर व्होल्टेज ५१६ पर्यंत चढतो, तेही आत बसतं. चूक एसपीडीच्या पोटात नव्हती, त्याच्या शेपटात होती.

एसपीडी काय करतो ते आधी नीट समजून घेऊ. तो वीज अडवत नाही, गिळतही नाही. एरवी तो उघडा स्विच असतो. त्याच्या दोन टोकांतला व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेला की तो क्षणभर ती दोन टोकं एकमेकांना जवळजवळ जोडतो. म्हणजे तो फक्त स्वतःच्या टोकांमधला फरक आवरतो. त्याचं एक टोक सोलरच्या वायरवर आहे आणि दुसरं अर्थच्या वायरवर. इन्व्हर्टरला वाचवायचं तर इन्व्हर्टरची बॉडी त्याच अर्थवर, त्याच जागी असली पाहिजे.

इथे तसं नव्हतं. डीसी एसपीडीच्या अर्थ टर्मिनलवरून सहा चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी वायर निघून डब्याबाहेर, भिंतीवरून खाली, नऊ मीटरवर ‘डीसीचा खड्डा’ म्हणून ठेवलेल्या रॉडला जात होती. इन्व्हर्टरच्या बॉडीची वायर दुसऱ्या बाजूने घराच्या मागे ‘एसीच्या खड्ड्या’ला जात होती. दोन खड्ड्यांत सात मीटर अंतर आणि मध्ये फक्त माती. मल्टिमीटरने या दोन हिरव्या वायरी एकमेकींशी तपासल्या तेव्हा २३ ओहम आले. एकाच भिंतीवर, हातभर अंतरावर असलेल्या दोन अर्थ वायरी, आणि त्यांच्यात २३ ओहम!

आता आकडा लावू. जवळ वीज पडल्यावर या एसपीडीतून एक हजार अँपिअर गेले असं धरा. टाइप २ एसपीडीच्या मानाने हे काहीच नाही, त्यावर २० हजार लिहिलेले असतात. डीसीचा खड्डा आम्ही त्या दिवशी मोजला तो ११ ओहम निघाला, ३.८ नव्हे. हजार अँपिअर गुणिले ११ ओहम म्हणजे ११ हजार व्होल्ट. त्या क्षणी डीसीचा रॉड, त्याची वायर, एसपीडी आणि एसपीडीने अर्थला जोडलेल्या सोलरच्या प्लस-मायनस वायरी हे सगळं ११ हजार व्होल्टवर चढलं. शिवाय नऊ मीटर वायरचा स्वतःचा विरोध: सरळ वायरचा इंडक्टन्स मीटरला सुमारे एक मायक्रोहेन्री असतो, आणि हजार अँपिअर आठ मायक्रोसेकंदांत चढले तर नऊ मीटरवर आणखी ११०० व्होल्ट. दोन्ही कमाल एकाच क्षणी येत नाहीत, पण मोठा आकडा खड्ड्याचाच आहे. इन्व्हर्टरची बॉडी मात्र मागच्या खड्ड्याला बांधलेली, ती जवळजवळ शून्यावर राहिली. बोर्ड आणि बॉडीमध्ये दहा हजार व्होल्टच्या वर फरक उभा राहिला आणि ठिणगी तिथेच उडाली. एसपीडीने आपलं काम चोख केलं, म्हणून तर त्याची खिडकी हिरवी. ती खिडकी आतला व्हॅरिस्टर, म्हणजे झटका वाहून नेणारा भाग, शाबूत आहे आणि तुटून वेगळा झालेला नाही एवढंच सांगते. तो बरोबर जोडला आहे का, हे तिला कळायचं कारण नाही.

खड्डा कागदावर सांगितलेल्या ३.८ ओहमचा असता तरी निकाल फारसा बदलला नसता. ३८०० व्होल्ट आले असते. ‘५ ओहमच्या खाली आणा’ ही अट योग्यच आहे, पण ओहम कितीही उतरवले तरी वेगळ्या खड्ड्यांमधला फरक त्याने मिटत नाही. फरक मिटतो तो दोन्ही टोकं एकत्र बांधल्याने.

म्हणून आम्ही इन्व्हर्टरच्या बरोबर खाली, भिंतीवर, टिन केलेली तांब्याची एक अर्थ बार लावली. डीसी एसपीडीची अर्थ वायर आता तिच्यावर येते, लांबी २० सेंटिमीटर. इन्व्हर्टरच्या बॉडीची ३५ सेंटिमीटर. एसी एसपीडीची २५. पॅनलच्या स्ट्रक्चरची वायरही गच्चीवरून उतरून याच बारवर. आणि मग या बारवरून १६ चौरस मिलिमीटरची एकच वायर खाली. आता तेच हजार अँपिअर, तोच ११ ओहमचा खड्डा धरला तरी बार ११ हजार व्होल्टवर चढेल आणि तिच्याबरोबर इन्व्हर्टरची बॉडीही चढेल. दोन्ही एकत्र वर गेले तर बोर्डाला काही कळत नाही. त्याला दिसतो फक्त एसपीडीच्या टोकांमधला व्होल्टेज आणि त्या छोट्या वायरींचा भार.

त्या छोट्या वायरींची लांबी आम्ही इतकी कंजुषीने का मोजतो, तेही सांगतो. मोठ्या झटक्यात, म्हणजे एसपीडीतून १० हजार अँपिअर जाताना, दर मीटर वायरमागे सुमारे १२५० व्होल्ट वाढतात. एसपीडीवर दोन-अडीच हजार व्होल्टचं संरक्षण लिहिलेलं असतं. त्याला दोन मीटर वायरची शेपूट लावली की इन्व्हर्टरला दुप्पट झटका बसतो. म्हणून वरची जोड वायर आणि खालची अर्थ वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत हवी. वायर जाड करून यात फारसा फरक पडत नाही, लांबी कमी करूनच पडतो. डब्यात सुबक दिसावं म्हणून वायरी गोल वळसे घेत कोपऱ्यातून फिरवलेल्या असतात, त्या आम्ही सरळ करतो. दिसायला डबा तेवढा देखणा राहत नाही.

खाली आता तीनही खड्डे जीआय पट्टीने जमिनीत एकमेकांना जोडले. मालक इथे अडले, आणि अडणारे ते पहिले नव्हेत. “लाइटनिंग अरेस्टरचा खड्डा बाकीच्यांना जोडला तर वीज सरळ घरातच येणार ना?” तीन वेगळे खड्डे ठेवायची पद्धत इतकी रुजली आहे की त्यांना माती सोडून काहीच जोडत नाही हाच त्यांचा गुण समजला जातो. पण माती काही इन्सुलेटर नाही. अरेस्टरच्या रॉडमधून ३० हजार अँपिअर उतरले की सात मीटरवरच्या रॉडभोवतीची मातीही काही हजार व्होल्टवर चढते, फक्त कमी आणि असमान. हा असमानपणाच जाळतो. खड्डे वेगळे खोदायचे ते करंट जमिनीत पसरावा म्हणून. रॉड तीन मीटरचा असेल तर दुसरा सहा मीटरवर, नाहीतर दोघे एकमेकांच्याच मातीत करंट ओततात. आणि मग ते जोडायचे.

मात्र जोडल्यानंतर एक नवी बाजू उघडी पडते, ती झाकलीच पाहिजे. अख्खं घर एकत्र वर चढतं, पण महावितरणच्या खांबावरून येणारी फेज आणि न्यूट्रल दूरच्या ट्रान्सफॉर्मरच्या अर्थवर असतात, त्या चढत नाहीत. आता फरक तिथे उभा राहतो. म्हणून अरेस्टर असलेल्या घरात मीटरनंतरच्या मुख्य बोर्डात थेट पडलेल्या विजेचा करंटही पेलणारा टाइप १+२ चा एसपीडी लागतो, नुसता टाइप २ पुरत नाही. इथे तो नव्हताच, इन्व्हर्टरशेजारी फक्त टाइप २ होता. तो तसाच ठेवला आणि खाली मुख्य बोर्डात नवा घातला. त्याच्या आधी लेबलवर सांगितलेला फ्यूज घातला. खेड्याच्या लाइनवर खांबावरचा न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. एसपीडी काही मायक्रोसेकंदांसाठी बनलेला आहे, त्याला हा व्होल्टेज मिनिटभर मिळाला तर तो पेट घेऊ शकतो. आधीचा फ्यूज त्याला त्या वेळी तोडतो.

आता ३.८ आणि ११ ओहम. कागद खोटा होता असं आम्हाला वाटत नाही. त्यावर ऑगस्टची तारीख होती. काळी माती पावसात फुगून रॉडला घट्ट बिलगते, पाण्यात क्षार विरघळलेले असतात, रेझिस्टन्स उतरतो. एप्रिल-मेमध्ये तीच माती भेगाळते आणि रॉडभोवती बोट जाईल एवढी फट पडते. वळीव नेमका याच दिवसांत येतो. म्हणजे खड्डा सगळ्यात वाईट असतो तेव्हाच त्याची सगळ्यात जास्त गरज. काळ्या मातीखाली हातभर गेल्यावर मुरूम किंवा काळा पाषाण लागला तर परिस्थिती आणखी बिकट. तीन मीटरचा, १७ मिलिमीटरचा एकच रॉड ओल्या काळ्या मातीत, रेझिस्टिव्हिटी १० ओहम-मीटर धरली तर, तीन-साडेतीन ओहम देतो. तोच रॉड १०० ओहम-मीटरच्या जमिनीत ३३ ओहमवर जातो. रॉड तोच, कंपनी तीच, जमीन वेगळी. ‘केमिकल अर्थिंग’ लिहिलेल्या पाइपला यातून सूट नाही. भोवती बेंटोनाइट ही फुगणारी माती भरल्याने मातीशी चिकटणं सुधारतं, फट पडत नाही, आणि आम्हीही ते भरतो. पण दोन वितीच्या बेंटोनाइटच्या पलीकडे तीच जमीन असते.

मोजायचं कसं हेही नीट व्हायला हवं. आम्ही खड्डा बारपासून सोडवला, करंटचा खिळा ३० मीटरवर ठोकला, व्होल्टेजचा खिळा १८.५ मीटरवर, म्हणजे ६२ टक्क्यांवर. आकडा घेतला, मग मधला खिळा दोन मीटर पुढे आणि दोन मीटर मागे सरकवून पुन्हा घेतला. तिन्ही वेळा ११ च्या आसपास आलं, म्हणून तो आकडा खरा धरला. सरकवल्यावर आकडा बदलत असेल तर खिळे खड्ड्याच्या फार जवळ आहेत. क्लॅम्पसारखा अर्थ टेस्टर घाईत बरा वाटतो, पण तो करंटला परत यायला दुसरी वाट असेल तरच काही सांगतो. एकट्या सुट्या खड्ड्यावर तो काहीच्या काही मोठा आकडा दाखवतो. आणि रॉडपासून वरपर्यंत तांब्याचंच बंद वर्तुळ झालं असेल तर एखादा ओहम दाखवतो, जो मातीचा नसतोच.

तीन खड्डे सुटे सुटे मोजले तेव्हा डीसीचा ११, एसीचा १४, अरेस्टरचा ९ ओहम. हिशोबाने ते एकत्र ३.७ व्हायला हवेत. जोडून मोजले तेव्हा ४.३ आले, कारण ते एकमेकांपासून पुरेसे लांब नाहीत. एकही नवा रॉड न ठोकता भर उन्हाळ्यात पाचच्या खाली. बेंटोनाइट तरीही डीसी आणि एसीच्या खड्ड्यांत भरलं.

गच्चीवर दोन गोष्टी उरल्या होत्या. पहिली वायरींची. प्लसची वायर स्ट्रक्चरच्या वरच्या रेलने आली होती, मायनसची खालच्या रेलने, मध्ये दीड मीटर अंतर आणि बारा मीटर लांबी. हा १८ चौरस मीटरचा वळसा म्हणजे वीज पकडायचा अँटेनाच: जवळ वीज पडली की तिचं चुंबकीय क्षेत्र या वळशात थेट व्होल्टेज तयार करतं. दोन्ही वायरी सोडवून एकाच रेलवर, एकमेकींना चिकटवून, परत आणल्या. खर्च फक्त यूव्ही टायचा आणि एका सकाळचा. पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर १० मीटरहून जास्त असली तर पॅनलजवळ दुसरा डीसी एसपीडी लागतो. इथे ती ९ मीटर होती म्हणून लावला नाही.

दुसरी, अरेस्टरची. त्याचा खांब पॅनलच्या फ्रेमपासून ४० सेंटिमीटरवर होता आणि खाली जाणारी पट्टी स्ट्रक्चरच्या पायाला क्लॅम्प केलेली. म्हणजे अरेस्टरवर पडलेली वीज सरळ स्ट्रक्चरमध्ये, आणि आता बारमुळे इन्व्हर्टरच्या खोलीत. तो क्लॅम्प काढला, खांब उत्तरेच्या कठड्याला सव्वा मीटर लांब नेला. तिथून सावलीही वर्षातला बहुतेक काळ पॅनलवर येत नाही. २५ गुणिले ३ मिलिमीटरची जीआय पट्टी भिंतीच्या बाहेरून, कमीत कमी वळणं घेत, स्वतःच्या खड्ड्यात उतरवली. ती बाकीच्यांना भेटते ती फक्त जमिनीत. लहान गच्चीवर हे अंतर ठेवायला जागा नसेल तर स्ट्रक्चर अरेस्टरला जोडावंच लागतं, पण मग डीसी बाजूचा एसपीडीही टाइप १+२ चा आणि बाँडिंगची वायर १६ चौरस मिलिमीटरची लागते.

फ्रेमची तपासणी आम्ही शेवटी ठेवतो, कारण ती कंटाळवाणी आहे आणि घाईत राहून जाते. मल्टिमीटरची एक सळई अर्थ बारवरून आणलेल्या लांब वायरला, दुसरी एकेका पॅनलच्या फ्रेमला. आठ पॅनल अर्ध्या ओहमच्या आत आली. दोन अजिबात लागेनात. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर अॅनोडाइझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहत नाही, नुसता क्लॅम्प आवळून तो फुटत नाही. दातेरी वॉशर किंवा टोकदार क्लिप त्या थरात घुसावी लागते. त्या दोन ठिकाणी साधे वॉशर होते, ते बदलले. तांब्याची लग अॅल्युमिनियमवर थेट ठेवली नाही, टिन केलेली लग आणि स्टेनलेसचा बोल्ट घातला, नाहीतर दोन पावसाळ्यांत जोड पांढरा पडून सुटतो.

या दोन फ्रेमचा विजेशी तसा कमी संबंध, माणसाशी जास्त. वायरचं आवरण कुठे घासलं आणि फ्रेमला चिकटलं, तर फ्रेम अर्थला जोडलेली असेल तरच इन्व्हर्टरला ते कळतं. तो रोज सकाळी सुरू व्हायच्या आधी डीसी वायर आणि अर्थ यांच्यातलं इन्सुलेशन मोजतो, कमी वाटलं तर सुरूच होत नाही आणि आयएसओ किंवा आयसोलेशनची चूक दाखवतो. पावसाळ्यात सकाळी ही चूक येऊन ऊन पडल्यावर जात असेल तर कुठेतरी पाणी शिरतंय, इन्व्हर्टर बिघडलेला नाही. फ्रेम सुटी असेल तर इन्व्हर्टर गप्प राहतो आणि पॅनल धुणाऱ्याच्या ओल्या हाताला ती चूक सापडते.

नवा इन्व्हर्टर लावण्याआधी स्ट्रिंगचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने घेतलं. त्यासाठी एसपीडीची कार्ट्रिज आधी उपसून ठेवावी लागतात, नाहीतर मेगर व्हॅरिस्टरमधूनच वाहतो आणि चांगली वायर खराब दिसते. २०० मेगओहमच्या वर आलं, एक मेगओहमच्या खाली असतं तर पुढे गेलो नसतो. कार्ट्रिज परत बसवली, पोलॅरिटी पाहिली, डीसी आयसोलेटर चालू, मग एसी. मिनिटभराने इन्व्हर्टर ग्रिडला जुळला.

डीसी डब्याच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवून आलो. त्यावर बंद करायचा क्रम, तीन खड्ड्यांचे सुटे आणि एकत्र आकडे तारखेसह, दोन हिरव्या वायरींमधले आधीचे २३ ओहम आणि आताचे ०.१, आणि एसपीडीच्या कार्ट्रिजचा मॉडेल नंबर. विजांचा पाऊस झाला की खिडकी पाहायची, लाल झालेली दिसली तर तेवढंच कार्ट्रिज बदलायचं. खड्ड्यांची पुढची मोजणी मेच्या मध्यावर, जमीन भेगाळलेली असताना.